होकारानंतर आलेला नकार: आधी कारण विचारा, मग पर्याय

एप्रिल आणि मे हे खासगी शाळांच्या भरतीचे महिने. जाहिरात येते, मुलाखत होते, एखादा पाठ घेऊन दाखवावा लागतो आणि काही दिवसांनी "आपली निवड झाली आहे, स्वीकार कळवावा" असा मेल येतो. आपण स्वीकार कळवतो, जुन्या शाळेत राजीनामा देतो, घरात मिठाई येते, नातेवाइकांना फोन जातात. आणि कधी कधी जून उजाडण्याच्या आतच दुसरा मेल येतो, की काही अपरिहार्य कारणांमुळे आपली निवड रद्द करण्यात येत आहे. एक ओळ, खाली सही, बाकी काही नाही.

शाळा असो, दवाखाना असो की एखादी कंपनी, असा नकार आलेल्या घरात पुढचे दोन दिवस कसे जातात हे आम्ही बऱ्याचदा पाहिले आहे. एक जण म्हणतो, कोर्टात खेचू. दुसरा म्हणतो, जाऊ दे, नशिबात नव्हते. तिसरा लगेच फोन उचलून समोरच्याला चार शब्द सुनावतो. या तिन्हींत एक गोष्ट राहून जाते. नकार का आला, हे कोणी विचारतच नाही. आणि कारण कळल्याशिवाय कोणता पर्याय मागायचा हे ठरवता येत नाही.

या वेळी एकच उदाहरण सविस्तर सांगतो. आमची एक माजी विद्यार्थिनी, बी.एस्सी., बी.एड., सोलापूर जिल्ह्यातल्या एका खासगी शाळेत तीन वर्षांपासून विज्ञान शिकवते. नेमणूक अजून कायम नाही, पगार चौदा हजार. गेल्या वर्षी शहरातल्या एका मोठ्या शाळेत तिची सहावी ते आठवीच्या विज्ञानासाठी निवड झाली, पगार साडेएकोणीस हजार. फरकाच्या साडेपाच हजारांत धाकट्या भावाची डिप्लोमाची फी भागणार होती. 28 एप्रिलला निवडीचा मेल आला, 2 मेला तिने लेखी स्वीकार पाठवला, 4 मेला जुन्या शाळेत एक महिन्याच्या मुदतीचा राजीनामा दिला. 20 मेला संध्याकाळी निवड रद्द झाल्याचा मेल आला.

घरात पहिली प्रतिक्रिया अब्बांची होती, "नाव बघूनच काढलं असेल." भावाला त्याच रात्री शाळेच्या नावानिशी व्हॉट्सॲपवर लिहायचे होते. ती मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी कागदपत्रे घेऊन आमच्याकडे आली. अब्बांचा संशय आम्ही हसण्यावारी नेला नाही. असे घडत नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. पण संशय खरा असो की खोटा, तो तपासायचा मार्ग एकच आहे, समोरच्याकडून लेखी कारण मागणे. कारण खरे असेल तर ते तपशिलात येते आणि कागदाशी जुळते. फोनवर एक कारण, कागदावर दुसरे, आणि तेच पद पंधरा दिवसांत पुन्हा त्याच अटींसह जाहिरातीत, असे दिसले तर संशयाला आधार मिळतो. पण त्यासाठीही हाती आधी त्यांचे उत्तर असावे लागते. भांडून आपण तेच गमावतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. नव्या शाळेला काही लिहिण्याआधी तिला जुन्या शाळेत पाठवले. 4 मेच्या राजीनाम्याची मुदत 4 जूनला संपत होती आणि आज 21 मे होता, म्हणजे ती अजून नोकरीत होती. महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांना 1977 चा सेवाशर्ती अधिनियम आणि 1981 ची नियमावली लागू असते. तिच्यात कायम शिक्षकाने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची पूर्वसूचना देऊन नोकरी सोडावी असे आहे. हा काळ निव्वळ औपचारिकता नाही. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली एका न्यायाधीशांच्या राजीनाम्याच्या प्रकरणात मांडले होते आणि पुढे इतर नोकऱ्यांच्या खटल्यांतही त्याचा आधार घेतला गेला. खासगी नोकरीत करारातल्या अटी आणि राजीनामा आधीच मंजूर झाला आहे का, यावरही बरेच अवलंबून असते. म्हणून त्या तत्त्वाच्या भरवशावर थांबून राहू नये. पण एवढे नक्की, की जुने दार शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण बंद झालेले नसते, आणि प्रत्येक दिवसागणिक ते थोडे थोडे लोटले जाते. आपल्या जागी दुसऱ्याची नेमणूक झाली की संपले.

तिने तीन ओळींचा अर्ज लिहिला: 4 मे रोजी दिलेला राजीनामा मी मागे घेत आहे, माझी सेवा पूर्ववत चालू ठेवावी. सुट्टी असली तरी कार्यालय सकाळी उघडे होते. एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली आणि संस्थेच्या सचिवांना तोच अर्ज रजिस्टर पोस्टानेही पाठवला. मुख्याध्यापकांनी सांगितले, 27 मेला संस्थेची बैठक आहे, तिथे विषय ठेवतो. तिने तिथे नव्या शाळेबद्दल तक्रार केली नाही. "तिकडची निवड रद्द झाली आहे, मला इथे काम चालू ठेवायचे आहे," एवढेच खरे ते सांगितले.

त्यानंतर नव्या शाळेला पत्र लिहिले. ते इथे पूर्ण देतो, कारण वाचकांना ते थोडेफार बदलून वापरता येईल.

"मा. मुख्याध्यापक यांस,

आपला दि. 20 मे चा मेल मिळाला. दि. 28 एप्रिल रोजी इयत्ता सहावी ते आठवी विज्ञान शिक्षिका या पदासाठी आपण माझी निवड कळवली होती आणि दि. 2 मे रोजी मी लेखी स्वीकार पाठवला होता. त्या भरवशावर दि. 4 मे रोजी मी सध्याच्या शाळेत राजीनामा दिला. तो मागे घेण्याचा अर्ज मी आज केला आहे, परंतु तो मान्य होईलच असे नाही.

निवड रद्द होण्याचे नेमके कारण कृपया कळवावे. ते माझी पात्रता किंवा कागदपत्रे यांच्याशी संबंधित असल्यास कोणती बाब अपुरी आहे ते सांगावे. पदच रद्द झाले असल्यास तसे कळवावे.

माझ्या पात्रतेनुसार दुसरा वर्ग, दुसरे पद किंवा पुढची रुजू होण्याची तारीख शक्य आहे का, याविषयी आपल्याशी दहा मिनिटे बोलण्याची संधी मिळावी. दि. 27 मे रोजी सध्याच्या शाळेत माझ्या अर्जावर निर्णय व्हायचा आहे. त्याआधी आपले उत्तर मिळाल्यास मी आभारी राहीन."

या पत्रात काय आहे आणि काय नाही, ते पाहा. पहिल्या परिच्छेदात फक्त तारखा आहेत. "तुम्ही माझे नुकसान केले" असे कुठे लिहिलेले नाही, पण चार तारखा ओळीने वाचल्या की वाचणाऱ्याला ते आपोआप दिसते. पुढे कधी वकिलाकडे जावे लागले तर याच तारखा लागतात. दुसऱ्या परिच्छेदात कारण विचारताना दोन शक्यता पुढे ठेवल्या आहेत, आपल्याकडची त्रुटी किंवा त्यांच्याकडचा बदल. नुसते "कारण सांगा" म्हटले की "प्रशासकीय कारण" असे उत्तर येते. दोन पर्याय दिले की उत्तर देणाऱ्याला त्यातला एक निवडणे सोपे जाते. तिसऱ्या परिच्छेदात हट्ट नाही, विचारणा आहे, आणि उत्तराची तारीख का हवी याचे खरे कारण दिले आहे. नुसते "लवकरात लवकर" लिहिले असते तर पत्र फायलीत पडून राहिले असते.

धमकी, धर्माचा उल्लेख, घरची परिस्थिती आणि भावाची फी, हे सगळे मुद्दाम बाहेर ठेवले. घरची अडचण खरी असली तरी ती सांगून पद परत येत नाही. उलट समोरचा माणूस सहानुभूतीची दोन वाक्ये बोलून मोकळा होतो आणि कारण सांगायचे राहून जाते.

दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी तिने फोन केला. फोनवर काय बोलायचे ते आधीच ठरवले होते. "मॅडम, मी 21 तारखेला पत्र पाठवलं होतं. मला वाद घालायचा नाही. माझ्याकडून काही कमी पडलं असेल तर ते समजून घ्यायचं आहे." एवढे बोलून थांबायचे. मधे पोकळी आली तरी आपण ती भरायची नाही. मुख्याध्यापिका क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या कागदांत टीईटीचं प्रमाणपत्र नाही. संस्थेच्या ऑफिसनं अडवलं."

पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, ही किमान पात्रतेतली अट आहे. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. महाराष्ट्रात ही परीक्षा राज्य परीक्षा परिषद 2013 पासून घेते. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना ही अट कितपत लागू होते, हा प्रश्न न्यायालयात गेलेला आहे, पण ही शाळा त्या प्रकारची नव्हती. जाहिरातीत टीईटीचा उल्लेख नव्हता, मुलाखतीत कोणी विचारले नाही, तिने बायोडाटात खोटे काही लिहिले नाही. चूक शाळेची होती, पण कारण खरे होते. आणि हे कारण कळताच संशय, राग आणि कोर्ट हे तिन्ही विषय मागे पडले, कारण समोर अगदी वेगळा प्रश्न उभा राहिला. नववी-दहावीला टीईटी लागत नाही. विज्ञानाची पदवी आणि बी.एड. तिच्याकडे होते.

म्हणून तिने लगेच विचारले, "मॅडम, नववी-दहावीला विज्ञानाची जागा आहे का?" कायमची जागा नव्हती. पण एक शिक्षिका जुलैपासून सुमारे सहा महिने प्रसूती रजेवर जाणार होत्या आणि ती जागा भरायची होती. हा पर्याय मुख्याध्यापिकांनी स्वतःहून सुचवला नसता, कारण त्यांच्या डोक्यात तिचे नाव "सहावी ते आठवी" या रकान्यात होते. कारण माहीत नसताना तिने "दुसरी काही जागा द्या" असे म्हटले असते तर "सध्या नाही" हेच उत्तर आले असते.

इथे घाईने हो म्हणायचे नसते. पर्याय मिळाला की तो मूळ नोकरीच्या जागी चालेल का, हे तपासावे लागते. तिने तीन गोष्टी विचारल्या. नेमणुकीचा आदेश मुदतीसह लेखी मिळेल का? पगार साडेएकोणीस हजारच राहील का? रजेवरच्या शिक्षिका परतल्यावर काय? उत्तरे आली: आदेश मिळेल, पगार सतरा हजार, आणि पुढचे सांगता येत नाही. दरम्यान 27 मेच्या बैठकीत जुन्या संस्थेने तिचा राजीनामा मागे घेण्याचा अर्ज मान्य केला. एका बाजूला चौदा हजार आणि चालू नोकरी, दुसऱ्या बाजूला सतरा हजार आणि डिसेंबरनंतर अंधार. तिने आणि अब्बांनी मिळून जुन्या शाळेत राहायचे ठरवले. भावाच्या फीसाठी हप्ते मागून घेतले.

नव्या शाळेला तिने आणखी एक मेल पाठवला. रजेच्या जागेबद्दल आभार मानून नम्र नकार कळवला, नववी-दहावीची कायम जागा निघाल्यास विचार व्हावा असे लिहिले, आणि एक विनंती केली. निवड फक्त टीईटीच्या अटीमुळे रद्द झाली, वर्तन किंवा अध्यापन हे कारण नव्हते, असे दोन ओळींत लिहून द्यावे. चार दिवसांनी तसा मेल आला. हा कागद लहान वाटतो, पण पुढच्या मुलाखतीत कोणी विचारले, "तिकडे निवड झाली होती ना, मग काय झालं?" तर तोंडी खुलाशापेक्षा तो जास्त काम करतो. टीईटीचा दुसरा पेपर ती देणार आहे.

शाळेबाहेरच्या नोकऱ्यांतही कारणावरूनच पुढचे मागणे ठरते. कंपनीने भरतीच थांबवली असेल तर कागदपत्रे सुधारून उपयोग नाही. तिथे दुसरी शाखा, दुसरा विभाग किंवा तीन महिन्यांनी रुजू होणे, हे विचारावे. कागदपत्रांच्या पडताळणीत अडले असेल तर कोणत्या नोंदीत फरक निघाला ते विचारावे. आपल्या घरांत हे बरेचदा नावावरून होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. एकीकडे शेख पूर्ण अक्षरांत, दुसरीकडे नुसते आद्याक्षर. लग्नानंतर पॅनवर पतीचे नाव, पदवीवर वडिलांचे. पडताळणी करणाऱ्याला ही दोन माणसे वाटतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, आणि नाव खरोखर बदलले असल्यास राजपत्रातली प्रसिद्धी, एवढ्याने बरीच प्रकरणे सुटतात. पण "नोंद जुळत नाही" हे कोणी सांगितले तरच ते देता येते. अशा वेळी मागणे एकच असते, कागद सादर करायला सात-आठ दिवसांची मुदत.

आता भरपाईचा प्रश्न, कारण तो प्रत्येक घरात निघतो. प्रस्ताव आला आणि आपण तो लेखी स्वीकारला की सर्वसाधारणपणे करार होतो. तो मोडल्याने झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याची तरतूद 1872 च्या भारतीय करार कायद्यात आहे. पण दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. पहिली, बहुतेक निवडपत्रांत "कागदपत्रांच्या पडताळणीच्या अधीन" किंवा "व्यवस्थापनाच्या मंजुरीनंतर" अशी ओळ असते. ती अट पूर्ण झालेली नसेल तर दावा कमजोर होतो. दुसरी, एखाद्या खासगी मालकाने तुम्हाला कामावर घेतलेच पाहिजे असा आदेश न्यायालय सहसा देत नाही. मिळाली तर भरपाई मिळते, नोकरी नाही. म्हणून जुनी नोकरी खरोखर गेली असेल आणि परत मिळत नसेल, तेव्हाच हा विचार करावा. त्यातही पहिली पायरी नोटिशीची नसते. राजीनाम्यामुळे बुडालेला पगार, पूर्वसूचनेऐवजी भरलेली रक्कम, घर बदलण्यासाठी दिलेली अनामत, असा पावत्यांसह हिशेब करून "याबाबत संस्था काही करू शकेल का" असे लेखी विचारावे. काही संस्था एका महिन्याचा पगार देऊन विषय मिटवतात, काही नाही म्हणतात. नाही म्हटले की मग सगळे कागद घेऊन वकिलाकडे जावे. तोपर्यंत लिहिलेली प्रत्येक ओळ न्यायालयात वाचली जाऊ शकते असे समजूनच लिहावी. रात्री रागाने टाकलेला व्हॉट्सॲप संदेशही त्यातच येतो.

शेवटी शिक्षक मंडळींसाठी एक सूचना. निवडीचा मेल आणि नेमणुकीचा आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1981 च्या नियमावलीत नेमणुकीच्या आदेशाचा नमुनाच दिलेला आहे. त्यात पद, वेतन आणि नेमणूक कोणत्या स्वरूपाची आहे हे लिहिलेले असते आणि त्यावर व्यवस्थापनाची सही असते. मुख्याध्यापकांच्या मेलवर स्वीकार जरूर कळवा, पण त्याच मेलमध्ये विचारा, "नेमणुकीचा आदेश कधी मिळेल? तो मिळाल्यावर सध्याच्या शाळेत राजीनामा देऊन एक महिन्यात रुजू होईन." कायम शिक्षकांनी तीन महिने लिहावे. घाई असलेली शाळा आदेश लवकर काढते, आणि आदेश काढताना तिचे कार्यालय आपली कागदपत्रे तपासते. टीईटीचा प्रश्न तिथेच निघाला असता, राजीनाम्याच्या आधी.